व्यवहार तोंडी, भांडण लेखी

माल पोचवून पैसे बुडवून घ्यायचे तर त्यालाही एक पद्धत लागते. नुसता भाबडेपणा पुरत नाही, कारण भाबड्या माणसाचे पैसे कधीकधी चुकून परत येतात. म्हणून नीट समजून घ्या.

तुमचा कोल्हापूरला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे असं धरू. देवगडच्या एका आंबा व्यापाऱ्याला हंगामासाठी दोन डझनी, पाच प्लायची आठ हजार खोकी हवी आहेत. दर ५२ रुपये, म्हणजे जीएसटी सोडून ४ लाख १६ हजारांचा व्यवहार. एवढ्या रकमेचं नाव काढलं की आपल्याकडे कुणीतरी म्हणतंच, “आधी स्टॅम्प पेपर आणा.” जरूर आणा. २०२४ पासून महाराष्ट्रात शंभराचा जाऊन पाचशेचा आला आहे, त्यामुळे फाईल भारदस्त दिसेल. १८७२ चा करार कायदा मात्र विचारतो ते वेगळंच. एकाने नेमका प्रस्ताव दिला का, दुसऱ्याने तो आहे तसा स्वीकारला का, दोन्ही बाजूंनी काही मोबदला ठरला का आणि दोघंही करार करण्यास पात्र होते का. हे सगळं जमलं तर फोनवरचं बोलणंही करार ठरतं, आणि नाही जमलं तर पाचशेच्या कागदावर फक्त तुमचं सुवाच्य अक्षर उरतं. या चार गोष्टी जमू न देणं हेच आपलं ध्येय.

सुरुवात प्रस्तावापासून करा. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा, “सध्याचा रेट ५२, बाकी बघून घेऊ.” नग किती, कागद किती जीएसएमचा, माल कधी, भाडं कुणाचं, यातलं काहीही लिहू नका. हे वाक्य प्रस्ताव आहे की नुसती दराची चौकशीवजा माहिती, हे उद्या तुमचा वकील एका बाजूने सांगेल आणि त्याचा दुसऱ्या बाजूने. कलम २९ म्हणतं की ज्याचा अर्थ निश्चित करता येत नाही असा करार शून्य. “बाकी बघून घेऊ”मधली बाकी कोणती, हे निश्चित करायला न्यायाधीशांना मोकळा वेळ मिळावा म्हणून एवढी काळजी घ्यायची.

उलट बाजूला तुम्ही खरेदीदार असाल तर “हा दर १५ दिवस खुला” या ओळीवर डोळे मिटून विश्वास ठेवा. तो दर पंधरा दिवस खुला ठेवण्यासाठी तुम्ही काही मोजलं नसेल, तर पुरवठादार तो तिसऱ्या दिवशीही मागे घेऊ शकतो. तुमचा होकार त्याच्याकडे निघालेला नसला की झालं. पण हे कळलं तर तुम्ही पहिल्याच दिवशी होकार कळवाल आणि सगळी मजा जाईल.

आता स्वीकार. खरी कला इथे आहे. कलम ७ सांगतं की स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त हवा. समजा, वाईट सवयीमुळे तुम्ही शेवटी कोटेशन नीट पाठवलंच: दर ५२, निम्मे पैसे आगाऊ, उरलेले माल निघण्याआधी, भाडं वेगळं. दोन दिवसांनी देवगडहून पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, येतो. दर ५२ च आहे, तो पाहून तुम्ही खूश. पुढे बारीक अक्षरात लिहिलंय, “देवगड पोच, पैसे माल मिळाल्यापासून ६० दिवसांनी.” हा स्वीकार नव्हे, हा त्याने तुमच्यापुढे ठेवलेला नवा प्रस्ताव आहे. तुमचं कोटेशन तिथेच संपलं. या क्षणी अजून कसलाही करार नाही, तुम्ही कुणाला काही देणं लागत नाही. नेमक्या याच क्षणी ट्रक भरा.

ट्रक निघाला की कलम ८ आपलं काम करतं. प्रस्तावात मागितलेली गोष्ट तुम्ही करून टाकली, म्हणजे तो प्रस्ताव तुम्ही स्वीकारला. सही नको, शिक्का नको, मालासोबतचं चलन पुरे. आगाऊ मिळायचे २ लाख ८ हजार गेले, आणि दोन फेऱ्यांचं २८ हजार भाडं तुमच्या खिशातून. “पण आमच्या कोटेशनवर तर लिहिलं होतं,” हे वाक्य आत्ताच पाठ करून ठेवा, पुढे बऱ्याच ठिकाणी म्हणायचं आहे. माल भरण्याआधी “पीओतली पोच आणि उधारीची अट मान्य नाही, आमच्या कोटेशनच्या अटींवर होकार कळवा, मग गाडी सोडतो,” असा दोन ओळींचा निरोप चुकूनही पाठवू नका. त्याने होकार दिला तर तुमच्या अटी लागू होतील आणि नकार दिला तर माल गोदामात सुरक्षित राहील. दोन्ही परिणाम आपल्या उद्दिष्टाला मारक आहेत.

जाता जाता आणखी एक. लघुउद्योग म्हणून तुमची उद्यम नोंदणी असेल तर कायदा ४५ दिवसांपलीकडची उधारी मानत नाही, पीओवर काहीही लिहिलेलं असो, आणि उशिरावर चढं व्याजही लावतो. तेव्हा नोंदणी करू नका. फुकट होते, म्हणजे तिच्यात काही दम नसणारच.

व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवण्याबद्दलही थोडं सांगायला हवं. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात एका शेतकऱ्याने जवसाच्या सौद्याच्या फोटोला अंगठ्याच्या चित्राने उत्तर दिलं आणि माल दिला नाही. त्याचं म्हणणं, मला फक्त “मेसेज मिळाला” म्हणायचं होतं. तिथल्या न्यायालयाने २०२३ साली तो अंगठा स्वीकार धरला आणि त्याच्यावर ८२ हजार डॉलरच्या वर भरपाई बसवली. त्या दोघांत आधीही “ठीक आहे” एवढ्याच शब्दांवर सौदे पार पडले होते, हे न्यायालयाने पाहिलं. आपल्याकडचा न्यायाधीश काय म्हणेल ते वेगळं, पण तुम्ही प्रत्येक मेसेजला अंगठा देत चला. कुटुंबाच्या ग्रुपवर सराव चांगला होतो.

अंगठ्यापेक्षा फोन बरा असं वाटत असेल तर खामगावचा खटला ऐका. २२ जुलै १९५९ ला अहमदाबादचे व्यापारी आणि खामगावची एक जिनिंग-तेल गिरणी यांच्यात ट्रंक कॉलवर सरकी पेंडीचा सौदा झाला. अहमदाबादकर म्हणाले, पेंड आली नाही, ३१,१५० रुपये भरपाई द्या, आणि दावा अहमदाबादेत लावला. गिरणीवाले म्हणाले, आम्ही होकार खामगावात दिला, माल आणि पैसेही खामगावातच द्यायचे होते, मग खटला अहमदाबादेत कसा? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. बहुमताने ठरलं की फोनवर करार तिथे होतो जिथे होकार ऐकू येतो, म्हणजे अहमदाबादेत. न्यायमूर्ती हिदायतुल्लांनी वेगळं मत नोंदवलं. कायद्याचे शब्द पाहता होकार बोलणाऱ्याच्या तोंडून निघाला, त्याच्या हातून सुटला, तिथेच करार झाला, म्हणजे खामगावात, असं त्यांचं म्हणणं. (मला स्वतःला त्यांचं म्हणणं कायद्याच्या शब्दांना जास्त धरून वाटतं, पण माझ्या वाटण्याने गिरणीवाल्यांचं रेल्वेचं तिकीट वाचलं नसतं.) पेंड कुठवर पोचली हा प्रश्न बाजूलाच, खटला कुठे चालवायचा यावरच १९५९ चा सौदा १९६५ पर्यंत गेला. तेव्हा व्यापाऱ्याने देवगडहून फोनवर मागणी केली की कोल्हापुरातून जोरात “हो” म्हणा. मग कोर्टासाठी घाट उतरून जायची सोय आपोआप होऊ शकते. कोटेशनच्या तळाशी “वाद झाल्यास फक्त कोल्हापूर न्यायालयात” एवढी ओळ छापली आणि समोरच्याने मान्य केली तर हा प्रवास टळतो. शाई महाग झाली आहे, राहू द्या.

मोबदल्याचं प्रकरण लहान आहे पण गमतीचं. पाच हजार खोकी गेली आणि क्राफ्ट पेपर महागला. तुम्ही म्हणालात, “उरलेल्या तीन हजारांना खोक्यामागे चार रुपये वाढवून द्या.” झाडावर आंबा तयार, व्यापारी कासावीस, तो म्हणतो, “देतो, पण पाठवा.” म्हणजे १२ हजार रुपये जास्तीचे. हंगाम संपल्यावर तो ते देत नाही, आणि त्याची बाजू भक्कम आहे. ५२ ने ती खोकी द्यायला तुम्ही आधीच बांधलेले होतात, वाढीव चार रुपयांच्या बदल्यात तुम्ही नवीन काय दिलंत? मुंबई उच्च न्यायालयाने १८७७ सालीच एका वकिलाला हे ऐकवलं होतं. वकीलपत्र घेतल्यावर अशिलाने, दावा जिंकलात तर बक्षीस देईन, असं कबूल केलं होतं. वकील जिंकला, बक्षीस मिळालं नाही. मूळ ऑर्डरमध्येच “कागदाचा दर अमुक टक्क्यांवर गेला तर खोक्याचा दर त्या प्रमाणात” असं कलम असतं तर गोष्ट वेगळी होती, पण तसं लिहिणं म्हणजे संशयी स्वभावाचं लक्षण.

याच्या उलट मात्र कायदा तुमचं एकदम ऐकतो. तुम्ही कंटाळून म्हणालात, “जाऊ दे, चार लाख सोळाऐवजी साडेतीन द्या, हिशेब मिटला,” आणि तेवढे घेतलेत, तर कलम ६३ खाली उरलेले ६६ हजार खरोखर सुटले. इथे मोबदला लागत नाही. बेरारच्या युवराजांना जवाहीर विकणाऱ्यांनी सुमारे २७ लाखांच्या येण्यापोटी २० लाख पूर्ण फेड म्हणून घेतले, मग उरलेल्यासाठी दावा लावला, आणि सर्वोच्च न्यायालयात १९६२ साली हरले. म्हणजे वाढवून मागाल तर विचारणार, “बदल्यात काय दिलं?” आणि सोडून द्याल तर कुणी काही विचारणार नाही. तेव्हा फोनवर उदार व्हायची सवय लावा.

राहता राहिली पात्रता. इथे एक धोका आहे, सांभाळा. पीओवर व्यापाऱ्याच्या सतरा वर्षांच्या मुलाची सही दिसली की लोक खूश होतात, चला, करार शून्य. तसं नसतं. मुलाने वडिलांच्या सांगण्यावरून, त्यांच्या पेढीसाठी सही केली असेल तर तो फक्त वडिलांचा एजंट, आणि एजंट अल्पवयीन असला तरी वडील बांधले जातात. पैसे निघण्याची शक्यता राहते. खात्रीने बुडवायचे तर पेढीच मुलाच्या नावावर असायला हवी. मग १९०३ च्या मोहोरी बीबी खटल्याचा आधार मिळतो. कलकत्त्यात धर्मोदास घोष या अल्पवयीनाने २० हजारांसाठी घर गहाण टाकलं होतं. सावकाराच्या प्रतिनिधीला त्याचं वय कळलेलं होतं. त्या काळचं शेवटचं अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने तो करार मुळातच नव्हता असं ठरवलं, आणि दिलेले पैसेही परत मिळवून दिले नाहीत. म्हणून नव्या गिऱ्हाईकाचं पॅन कार्ड, जीएसटी नोंदणीतलं मालकाचं नाव, असलं काही विचारून त्याचा अपमान करू नका.

आणि मुलगा अठराचा होईपर्यंत थांबलात तर? वाढदिवसाला केक घेऊन देवगडला जा, जुन्याच पीओवर त्याची नव्याने सही घ्या, फोटो काढा. जो करार कधी झालाच नव्हता त्याला मागाहून मान्यता देता येत नाही, त्यामुळे ती सही नुसतीच सुंदर दिसेल. केकचे पैसे बिलात लावू नका. ते तुम्ही कुणी न मागता दिलेले असतील.