पोटाचं ऐका म्हणे! माझं पोट तर पोदेराचं ऐकतं

आज दुपारी आमच्या इमारतीच्या हॉलमध्ये महिलांसाठी आहारावर व्याख्यान होतं. बोलणारी मुलगी तरुण, चुणचुणीत. वाईट नव्हती. पण तासाभरात तिने किमान दहा वेळा सांगितलं, "तुमच्या पोटाचं ऐका, पोट कधीच खोटं बोलत नाही." बायका माना डोलावत होत्या. मी मागच्या रांगेत दात-ओठ खात बसले होते. साडेचारला आयोजकांनी समोसे आणि मिरची भजी आणली, तेलाचा वास हॉलभर पसरला आणि आम्हा सगळ्यांची पोटं एकाच क्षणी बोलायला लागली. पन्नास बायकांना एकदम भूक? वक्त्या बाईंनाही लागली, मी पाहिलं.

अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवून मला बावीस वर्षं झाली. पावलोव्हचा कुत्रा मी दरवर्षी फळ्यावर काढते. पचनावरच्या कामासाठी त्याला १९०४ साली नोबेल मिळालं. खाल्लेलं अन्न कुत्र्याच्या गळ्यातूनच बाहेर पडेल, जठरापर्यंत पोचणारच नाही, अशी सोय करूनही जठरात रस सुटतो हे त्याने दाखवलं. तालयंत्राची टिकटिक ऐकल्यावरच लाळ गळायला लागते, हेही. हे सगळं पोरांना पाठ करायला लावणाऱ्या बाईंना स्वतःच्या घरातला कुत्रा दिसायला बावीस वर्षं लागली. तो कुत्रा मीच.

आमच्याकडे गोव्यात, फोंड्याला, संध्याकाळचा पोदेर म्हणजे पाववाला पाचला पाच-दहा मिनिटं असताना येतो. सायकलवर मागे टोपली, तिच्यावर निळं प्लॅस्टिक, आणि तो रबरी भोंगा. पों-पों. प्लॅस्टिक वर केलं की पोय या आमच्या पावाची गरम, जराशी आंबूस वाफ येते, ती गोव्यातल्या माणसाला वेगळी सांगायला नको. आजवर रोज त्या वेळी मला भूक लागायची. मला ती शंभर टक्के खरी वाटायची. पोटात पीळ पडायचा, तोंडाला पाणी सुटायचं, आणि चहाबरोबर दोन पोये कधी संपायच्या कळायचं नाही.

मग मागच्या महिन्यात पोदेर घरच्या लग्नासाठी आठ दिवस गावी गेला. पहिल्या दिवशी पाचला दहा कमी आणि मी गॅलरीत. भोंगा नाही. पोटात पीळ तसाच. चिडचिड इतकी की घरच्यांना विनाकारण दोन शब्द ऐकवले. दुकानातला पाव आणायला कंटाळा आला म्हणून नुसता चहा घेतला आणि पेपर तपासायला बसले. पावणेसहाला घड्याळ बघितलं तर भूक गायब. काहीही खाल्लेलं नव्हतं! जी भूक पोय मिळाल्याशिवाय जाणारच नाही असं वाटत होतं, ती आपली आपण उठून गेली.

बघा, जठर रिकामं होत आलं की घ्रेलिन नावाचं संप्रेरक रक्तात वाढतं. त्याचा शोध १९९९ साली जपानमध्ये लागला. पण ते फक्त रिकाम्या जठराकडे बघून वाढत नाही, तुमच्या रोजच्या जेवणाच्या वेळा शिकतं आणि त्या वेळेच्या आधीच चढायला लागतं. माणसांना पूर्ण दिवस उपाशी ठेवून रक्त तपासलं, तेव्हा ते नेहमीच्या जेवणवेळी चढलं आणि काहीच न खाता पुन्हा उतरलं. दिवसभर सरळ चढत गेलं नाही. म्हणजे ती लाट असते. आपण लाटेच्या टोकावर खातो आणि समजतो की खाल्ल्यामुळे ती ओसरली.

म्हणून मला "पोट खोटं बोलत नाही" या वाक्याचा राग येतो. पोट खोटं बोलत नसेल, पण शिकवलेलं बोलतं. आणि शिकवलं कुणी? मीच, रोज पाचला दोन पोये घालून.

मान्य, ती भूक काल्पनिक नसते. संप्रेरक खरं, लाळ खरी, पीळ खरा. ठीक आहे. पण खरी असली म्हणून शरीराला अन्न हवंच आहे असं होत नाही.

मला हे पटलं ते दुसऱ्या एका दिवसामुळे. पोदेर अजून परतायचा होता. रविवार. पाहुणे होते म्हणून जेवणं अडीचला झाली. बांगड्याचं हुमण, भात, सोलकढी, वर मणगणें. रोज मी सव्वाला जेवते. असलं भरपेट जेवण जठरातून पुढे सरकायला तीन-चार तास सहज लागतात. म्हणजे खरी भूक असती तर रविवारी ती सहा-साडेसहाच्या पुढे सरकायला हवी होती. सरकली का? छे. पाचला दहा कमी, पोटात पीळ. भात अजून जठरात असणार, आणि बाई पोय मागतायत.

हा प्रयोग तुम्ही घरी करून बघा, काही लागत नाही त्याला. दुपारचं जेवण तास-सव्वा तास उशिरा करा. संध्याकाळची भूकही तेवढीच उशिरा आली तर ती जेवणाशी बांधलेली आहे. ती ठरल्या मिनिटाला येऊन उभी राहिली तर ती घड्याळाची. मधुमेहाची इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र हे धंदे करायचे नाहीत. त्यांना भुकेबरोबर घाम सुटला, हात थरथरले तर साखर उतरलेली असू शकते, तिथे परीक्षा बघत बसायची नसते.

दुसरी परीक्षा माझ्या आईची, तिने कधी तिला परीक्षा म्हटलं नाही. लहानपणी आम्ही अवेळी "भूक लागली" म्हणून भुणभुण लावली की ती म्हणायची, "पेज आहे, देऊ?" उकड्या तांदळाची, सकाळची, गार झालेली, बरोबर मिठातली तोर. नाक मुरडलं की म्हणायची, "मग भूक नाही गो तुला." इतकं सोपं. पोटाची भूक पेज घेते, कालची चपाती घेते. तोंडाची भूक नाव सांगते, तिला पोयच हवी, तीही गरम. पाचला दहा कमी असताना मी स्वतःला विचारलं, पेज घेशील? नको वाटली. अगदी मनापासून नको वाटली.

आणि पोट गुरगुरलं म्हणजे भूक, हेही डोक्यातून काढा. रिकाम्या जठर-आतड्यांत दर दीड-दोन तासांनी एक आकुंचनाची लाट वरून खाली जाते, उरलंसुरलं पुढे ढकलते. केर काढल्यासारखं. त्याचा आवाज येतो. घरात केरसुणीचा आवाज आला म्हणून कोणी पान वाढायला घेतं का?

खरी भूक कशी असते हे मला त्याच आठवड्यात कळलं. जावेच्या ऑपरेशनसाठी बेळगावला गेलो होतो. दिवसभर वॉर्डाबाहेर बाकावर. पाच कधी वाजले मला समजलंच नाही. ना भोंगा, ना गॅलरी, ना माझा कप. सातच्या सुमारास भूक आली. हळू. आधी जरा गळाल्यासारखं, मग लक्ष लागेना, उठून चार पावलं फिरून आले तरी ती तिथेच, उलट वाढलेली. पिशवीत सकाळची सुकी चपाती होती. भाजी संपलेली. ती चपाती मी कोरडीच खाल्ली आणि देवाशपथ, काय गोड लागली! पोयची ओढ तोंडात होती, ही छातीखाली होती. जागाच वेगळी.

आता परत त्या समोशांकडे येते, कारण मीही काही साधी नाही. मनात तणतणत मीही ताट घेतलं. शेजारी जुनी मैत्रीण बसलेली, तिच्या सुनेच्या गोष्टी, हसून हसून मुरकुंडी. घरी निघताना ती म्हणाली, "आज दोन खाल्लेस हां!" मी भांडले, एकच खाल्ला म्हणून. ताटात दोन समोशांची टोकं पडली होती. टोक मी कधी खात नाही, कडक असतं.

वासाला आणि घड्याळाला मी पकडू शकते. सोबतीला नाही. चार माणसांत बसलं की पान लवकर उठत नाही, जितका वेळ बसाल तितका हात चालतो, आणि काय खाल्लं याची नोंद डोक्यात धड होत नाही. ती नोंद फार मोठी गोष्ट आहे. स्मृती जवळपास गेलेल्या दोन रुग्णांना पोटभर जेवल्यावर दहा ते तीस मिनिटांत पुन्हा ताट दिलं, तर ते पुन्हा जेवले, असं १९९८च्या एका अभ्यासात नोंदलंय. पोट भरलेलंच होतं. जेवल्याची आठवण तेवढी नव्हती. माझा दुसरा समोसा तसाच गेला.

हो हो, माहीत आहे, आता खाली लिहाल की चवथीला माहेरी भूक मोजून नेवऱ्या खायच्या का. नाही खायच्या मोजून. मामी ताटात चौथी नेवरी टाकते तेव्हा ती भुकेसाठी टाकत नाही, हे मलाही कळतं. मी रोजच्या पाचच्या पोयबद्दल बोलतेय.

खरं तर लिहायला बसले तेव्हा मी शेवटी त्या भोंग्याला शिव्या घालणार होते. पण आत्ता सासूबाई खोकल्या आणि हात जरा थांबला.

त्यांचं वय एक्याऐंशी. मागच्या पावसात आजारी पडल्या, तेव्हापासून त्यांना भूकच लागत नाही. वयाने ती कमी होतेच. दुपारी दोन घास, रात्री नको म्हणतात. त्यांना "पोटाचं ऐका" सांगितलं तर त्या उपाशी राहतील. पण पोदेराचा भोंगा वाजला की खोलीतून आवाज येतो, "आयलो गो पोदेर?" अर्धी पोय चहात बुडवून खातात, कधी कधी पाऊणसुद्धा. ते आठ दिवस पोदेर नव्हता तेव्हा मी माझ्या भुकेचा हिशोब मांडत बसले होते, आणि त्यांनी आठही दिवस संध्याकाळी नुसता चहा घेतला, हे माझ्या लक्षात आलं तो परतल्यावर.

तो परतला त्या दिवशी पहिल्याच पों-ला माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आठ दिवसांचं सगळं शिक्षण वाया. मी एकच पोय घेतली. अर्धी त्यांना दिली. उरलेली अर्धी फडक्यात गुंडाळून ठेवली आणि साडेसहाला बघितलं, तर ती जागेवर नव्हती. कुणी खाल्ली विचारलं, तर सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.