नामोल्लेख राहिला असल्यास

आभाराच्या शेवटी म्हणतात ना, 'अनवधानाने कुणाचा नामोल्लेख राहून गेला असल्यास त्यांनी मोठ्या मनाने क्षमा करावी', तर तो 'कुणाचा' म्हणजे मी. परवा शिक्षक दिनाच्या कार्यक्रमात मीच राहून गेलो. आभाराचं भाषण बसवून घेतलं मी, लाल पेन झिजवलं मी, आणि राहिलोही मीच. मन माझं मोठं आहे, पण ते किती ताणायचं यालाही काही सुमार असतो.

आमच्या शाळेत 5 सप्टेंबरला स्वयंशासन असतं. नववी-दहावीच्या मुली आयांच्या साड्या नेसून शिक्षिका होतात, एखादा पोरगा मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसून विनाकारण घंटी वाजवतो आणि दुपारी सत्काराचा कार्यक्रम होतो. त्यात आभार म्हणजे पत्रिकेतलं अनाथ पोर. सूत्रसंचालन चुरचुरीत मुलीला, मनोगत हुशार मुलाला, स्वागतगीत गळा असणाऱ्यांना, आणि उरेल त्याला आभार. यंदा ते नववी ब मधल्या एका मुलीकडे आलं आणि तिला 'तयार करायचं' काम मराठीचा शिक्षक म्हणून माझ्याकडे.

तिने आणलेला पहिला मसुदा तिच्या ताईच्या वहीतला होता. ताईने तो बहुधा मावशीच्या वहीतून उतरवला असावा. सुरुवात डॉ. राधाकृष्णन यांच्यापासून. त्यांचा जन्म 1888 चा, 1962 साली ते राष्ट्रपती झाले आणि त्याच वर्षापासून हा दिवस साजरा होऊ लागला, हे सगळं बरोबर होतं. पण तिच्या आधी पाच मुलं नेमकं हेच सांगणार होती. (सांगितलंच. त्यातल्या एकाने तर 'शिक्षक दिन असल्यामुळे त्यांचा जन्म या दिवशी झाला' असं ठासून सांगितलं आणि टाळ्या घेतल्या.) पुढे 'वेळात वेळ काढून', 'अनमोल मार्गदर्शन', 'फूल ना फुलाची पाकळी', आणि सरतेशेवटी 'आम्ही तुमचे आभार मानून तुम्हाला परकं करणार नाही, तुमच्या ऋणातच राहू'. अगं, मग इतका वेळ माईकवर काय करत होतीस?

मी तिला एकच कसोटी दिली. प्रत्येक वाक्य वाचायचं आणि विचारायचं, हे शेजारच्या गावातल्या शाळेत जसंच्या तसं म्हणता येईल का? येत असेल तर खोडायचं. विशेषणं काढायची आणि त्या माणसानं केलं काय, ते लिहायचं. एकूण तीन मिनिटं, म्हणजे वहीचं दीड पान. त्याहून लांबलं की पाहुणे टेबलाखाली पायाने चपला शोधू लागतात, आणि ते दिसलं की समोरची पाचशे पोरं आपोआप उठतात. आणखी एक : पाहुण्यांच्या नावापुढे चार ओळी कोऱ्या ठेवायच्या. ते भाषणात काय बोलतील ते आदल्या दिवशी कुणालाच, बऱ्याचदा त्यांनाही, ठाऊक नसतं. तू स्टेजच्या कडेला कागद-पेन्सिल घेऊन बस, त्यांचं एक तरी वाक्य पकड आणि तिथे भर. आभार मानणारीने भाषण ऐकलं होतं, एवढं कळलं तरी पाहुण्याचा प्रवास वसूल होतो.

पोरगी हुशार निघाली. दुसऱ्या दिवशी आणलेल्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'प्रयोगशाळेत ब्युरेट फुटली की मामा आधी आमच्या हाताकडे बघतात, मग ब्युरेटकडे.' मी लाल पेनचं टोपण लावून टाकलं.

आता कार्यक्रमाकडे येतो, म्हणजेच अण्णांकडे.

अण्णा हे संस्थेचे माजी पदाधिकारी. कुठल्या पदाचे ते आता कुणाला आठवत नाही, पण पहिल्या रांगेत डावीकडची कोपऱ्याची खुर्ची त्यांची. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात बसच्या तिकिटाएवढ्या कागदांचा गठ्ठा असतो आणि कुठलाही कार्यक्रम ते चिठ्ठ्यांवर चालवतात. पाहुण्यांचं भाषण सुरू होतं तेव्हा अण्णांना झोप लागली होती. पाहुणे शाळेचे माजी विद्यार्थी, बँकेतून निवृत्त झालेले. ते सिंगापूरच्या रस्त्यांवर बोलत होते आणि एकूण पाऊण तास बोलले. पण आभारासाठी पोरगी माईकपाशी गेली आणि अण्णा टक्क जागे झाले. मी माईकच्या बाजूला उभा होतो, तर माझ्या हातात पहिली चिठ्ठी. 'मंडपवाल्यांचं नाव घ्यावं.'

मी वाकून म्हटलं, "अण्णा, त्यांना पैसे दिलेत आपण."

"पूर्ण नाही दिलेले," अण्णा म्हणाले. "म्हणूनच घ्या."

तिकडे पोरीने सुरुवात झकास केली होती. "पाहुण्यांनी सांगितलं, की त्यांना फळा दिसत नाही हे घरच्यांच्या आधी त्यांच्या वर्गशिक्षकांनी ओळखलं, म्हणून त्यांना चष्मा लागला. सर, आमच्या वर्गात मागच्या बाकावर असे तिघं आहेत. ते लाजत होते. तुमचं ऐकून ते उद्या बाईंना सांगणार आहेत. त्याबद्दल तुमचे आभार." पाऊण तासाच्या सिंगापुरातून तिने बरोबर ते एक वाक्य वेचलं होतं. पाहुण्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सभागृह हसलं आणि गप्प झालं. आभाराला सभागृह गप्प झालेलं मी तरी नोकरीत पाहिलं नव्हतं.

आणि माझ्या हातात दुसरी चिठ्ठी. 'मा. उपसरपंच आत्ताच आले आहेत.'

"अण्णा, कार्यक्रम संपत आला."

"म्हणून तर आलेत. चहा आहे ना."

मी चिठ्ठी सरकवली. पोरीने ती वाचली, नाव घेतलं आणि पुन्हा आपल्या कागदावर आली. गणिताच्या बाईंबद्दल म्हणाली, "माझं उत्तर चुकलं होतं. बाईंनी अख्ख्या गणितावर फुली मारली नाही. तिसऱ्या पायरीशी रेघ ओढून लिहिलं, इथपर्यंत बरोबर. घरी मी ते पान आईला दाखवलं." ऑफिसातल्या भाऊसाहेबांबद्दल म्हणाली, "बोनाफाईड मागायला गेलं की भाऊसाहेब उद्या ये म्हणतात. पण शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी साइट चालत नव्हती, तेव्हा संध्याकाळी सातपर्यंत बसून त्यांनी आमच्या सगळ्यांचे अर्ज भरले. त्या दिवशी ते उद्या ये म्हणाले नाहीत." भाऊसाहेब दाराशी उभे होते. ते आधी लाजले, मग कुणी पाहिलं का ते बघायला लागले.

खिचडी शिजवणाऱ्या ताईंचंही नाव तिने घेतलं. पोषण आहार आठवीपर्यंतच, पण ही बाई एसटी चुकून उशिरा येणाऱ्यांसाठी पातेल्यात थोडी झाकून ठेवते, हे तिला अजून आठवत होतं.

अण्णांना हे सहन होईना. "सर, हे काय चाललंय? खिचडी, ब्युरेट, बोनाफाईड! आभार कसे आभारासारखे असावेत. मोघम. तपशील ऑडिटला द्यायचा असतो."

"मुलांना आवडतंय, अण्णा."

"मुलांचं काय! पुढच्या रांगेतल्यांना काय वाटेल? खिचडीवालीचं नाव आलं आणि आमचं नाही?"

तिसरी चिठ्ठी स्वतःबद्दलच होती. 'अण्णांचे नाव घेताना माजी म्हणू नये.' चौथीत चार देणगीदार होते. त्यातल्या एकाने 1998 साली पंखा दिला होता. तो पंखा आमच्या डोक्यावर होता आणि फिरत नव्हता. पोरगी बिचारी एकेक चिठ्ठी इमानेइतबारे वाचत होती. सकाळी पाचवीवर तास घेऊन तिचा घसा बसला होता, साडीला ठिकठिकाणी सेफ्टी पिना होत्या, आणि तीन मिनिटांची सात झाली होती. बाहेर वड्यांचा वास सुटला. चपलांचा आवाज सुरू झाला. मुख्याध्यापकांनी मनगटावर बोट आपटलं.

इथे सांगायला हवं, की शेवटच्या परिच्छेदात मी होतो. मी मसुदा तपासला होता, त्यामुळे त्यात काय होतं ते मला पाठ होतं. माझं नाव आधी भाऊसाहेबांच्याही वर होतं. मीच ते खाली सरकवलं. स्वतःच तपासलेल्या भाषणात स्वतःचं नाव वर कसं ठेवायचं? आपल्याकडे याला सौजन्य म्हणतात आणि त्याचा फायदा नेहमी पंखेवाल्याला होतो.

पाचवी चिठ्ठी आली. पोरीने माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, मुख्याध्यापकांच्या बोटाकडे पाहिलं, आणि अण्णांच्या अक्षरातलं वाचलं, "अनवधानाने कुणाचा नामोल्लेख राहून गेला असल्यास त्यांनी मोठ्या मनाने क्षमा करावी. सर्वांनी राष्ट्रगीतासाठी उभं राहावं." हे वाक्य मी तिच्या मसुद्यातून स्वतः खोडलं होतं. अजूनही म्हणेन की बरोबर खोडलं होतं. ज्याचं नाव राहिलं त्याला कळतंच ते अनवधान नव्हतं, नाहीतर क्षमेची तयारी घरून कशाला केली असती?

बरं, आपल्याला आभार मिळतातच किती? 5 तारखेला गुलाबाचं फूल, एक पेन आणि 'राष्ट्राचे शिल्पकार'. 6 तारखेला तोच शिल्पकार मतदार यादीची पिशवी घेऊन घरोघरी फिरतो आणि दार उघडणारी बाई विचारते, गॅसचं पासबुक आणलंत का? ज्याला वर्षभर मोघम कामं लावतात त्याला एक दिवस तरी नेमकं कुणी काही म्हणावं, इतकीच तर अपेक्षा. ते नेमकं लिहिलेलंही होतं. नववी ब च्या वहीत, निळ्या शाईत, चार ओळी. काय होत्या ते सांगणार नाही. स्वतःच सांगायला लागलो तर माझ्यात आणि अण्णांत फरक काय?

नाश्त्याच्या टेबलाशी अण्णांनी मला गाठलं. एका हातात दोन वडे, दुसऱ्यात चहा, चिठ्ठ्यांचा गठ्ठा खिशात परत.

"पोरगी धीट आहे," ते म्हणाले. "पण जरा लांबवलं तिने."

मी वड्यावर लक्ष दिलं.

"संस्थेच्या वर्धापन दिनाला हिलाच घ्या. फक्त ते ब्युरेट वगैरे नको. यादी मी देतो. चाळीसेक नावं आहेत, त्यातले सहा जण येणार नाहीत, पण त्यांचं आधी घ्यायचं."

"आणि भाषण कोण बसवून घेणार?"

"तुम्हीच की," अण्णा म्हणाले, "तुमच्यासारखं निरपेक्षपणे कोण करतं?" आणि तिसरा वडा उचलायला वळले.