गावसकरची निळी जर्सी

“मेंदू म्हणजे देवानं दिलेला कॅमेरा. डोळ्यांनी पाहिलेलं जन्मभर जसंच्या तसं साठून राहतं. मोठा धक्का किंवा मोठा आनंद असेल तर तो क्षण दगडावर कोरला जातो. म्हणून बारीकसारीक तपशिलासह, न अडखळता सांगणाऱ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवा. पुढे पाठवा.”

मामांनी हे घरच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली पुरावाही जोडला. ३१ ऑक्टोबर १९८७, नागपूर, सिव्हिल लाइन्सचं व्हीसीए मैदान, विश्वचषकातली भारत-न्यूझीलंड मॅच. “अजूनही बॉल टू बॉल सांगतो. माह्या डोळ्यानं पाहलं ना बाप्पा!” त्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर होतो, नऊ वर्षांचा. तेव्हा हीच मॅच घेऊ.

आधी कॅमेरा. मामांच्या मॅचमध्ये गावसकरचं शतक आधी होतं आणि शेवटी चेतन शर्माची हॅट्ट्रिक. झालं होतं उलट. न्यूझीलंडनं आधी बॅटिंग केली, रदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफील्ड पाठोपाठ बोल्ड झाले, धावा झाल्या २२१. मग गावसकरनं ८८ चेंडूंत नाबाद १०३ केल्या आणि मॅच ३२.१ षटकांत संपली. गोष्ट म्हणून मामांचाच क्रम सरस आहे, त्यात विकेटी पडतात आणि मॅच खलास होते. चाळीस वर्षं सांगता सांगता ती गोष्टीसारखीच बसत गेली असणार.

माझं तर त्याहून वाईट. मला गावसकर निळ्या जर्सीत दिसतो, अगदी स्वच्छ. पण १९८७चा विश्वचषक पांढऱ्या कपड्यांत झाला, त्या स्पर्धेत रंगीत कपडे आले ते १९९२ साली. ती निळाई बहुधा १९८५ची असावी. त्या वर्षी ऑस्ट्रेलियात गावसकरच्याच कप्तानीखाली आपली टीम निळ्या कपड्यांत खेळली होती आणि त्याची चित्रं आम्ही भरपूर पाहिली होती. नाही तर नंतरच्या शंभर मॅचेसमधून आली असेल. संत्र्याच्या सालीचा वास, मामांच्या खांद्यावरून दिसणारं मैदान हेही मला आठवतं. ते खरं असू शकेल. पण खरा वास आणि खोटी जर्सी, आतून दोन्ही सारखीच पक्की वाटतात.

असं होतं कारण प्रसंगाची एकसंध फिल्म मेंदूत नसतेच. दिसलेलं एकीकडे, ऐकलेलं दुसरीकडे, भीती किंवा आनंद तिसरीकडे, आणि हे तुकडे एकत्र बांधायचं काम हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो. आठवताना ते पुन्हा गोळा होतात. जिथे तुकडा मिळत नाही तिथे आपल्याला एरवी जे माहीत असतं ते भरलं जातं. भारताची वनडे टीम म्हणजे निळी, हे मला माहीत आहे.

आता दगडावर कोरलेले क्षण. याची चांगली तपासणी अमेरिकेत झाली आहे. २८ जानेवारी १९८६ला चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. दुसऱ्याच दिवशी सकाळी अटलांटाच्या एमरी विद्यापीठात उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञानं विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठे कळली, कुणाकडून, तेव्हा काय करत होतात, सोबत कोण होतं. जवळजवळ पावणेतीन वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. उत्तरांना सातपैकी गुण होते. पूर्ण सात मिळाले तिघांना, शून्य मिळालं अकरा जणांना, सरासरी तीनच्या आसपास. आणि स्वतःच्या आठवणीबद्दलची खात्री? पाचपैकी सरासरी चारच्या वर.

एका विद्यार्थिनीनं पहिल्या दिवशी लिहिलं होतं की धर्मशास्त्राच्या वर्गात बसले असताना काही जण आत येऊन बोलू लागले, तपशील मला कळले नाहीत, मग खोलीवर जाऊन टीव्ही पाहिला. नंतरची तिची आठवण अशी: मी रूममेटबरोबर खोलीत टीव्ही पाहत होते, बातमी झळकली आणि आम्ही दोघी सुन्न झालो. टीव्ही खोटा नव्हता. पण तो दुसऱ्या क्रमांकावरून पहिल्या क्रमांकावर आला आणि वर्ग पुसलाच गेला. त्या स्फोटाची दृश्यं सगळ्यांनी कितीदा पाहिली असतील याचा विचार करा.

यान फुटलं हे कुणीच विसरलं नव्हतं, हेही लक्षात घ्या. मोठ्या घटनेचा गाभा टिकतो. घसरते ती भोवतालची माहिती, म्हणजे कुठे, कुणासोबत, कशानंतर काय. भांडणं आणि साक्षी मात्र नेमक्या त्यावरच चालतात.

पुढे या विद्यार्थ्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातले जुने कागद दाखवले. वाटलं होतं, आता मूळ आठवण वर येईल. एकाचीही आली नाही. हे मला पटतं. पांढऱ्या कपड्यांतला त्या दिवसाचा गावसकर फोटोत पाहून झाला, तरी डोळे मिटले की निळाच.

याच्या मुळाशी काही अंशी एक शारीरिक क्रिया असावी, आणि तिचा पुरावा उंदरांवरचा आहे. २००० साली करीम नाडेर आणि सहकाऱ्यांनी उंदरांना एक आवाज ऐकवून त्यापाठोपाठ विजेचा झटका दिला, त्यामुळे नुसत्या आवाजानंही ते गोठून जात. मग आवाज एकदाच ऐकवून, म्हणजे आठवण जागी करून, लगेच मेंदूच्या अमिग्डाला या भागात प्रथिनं बनणं रोखणारं औषध टोचलं. दुसऱ्या दिवशी भीती बरीच ओसरलेली होती. आवाज न ऐकवता तेच औषध दिलं तर भीती जशीच्या तशी. सहा तास थांबून दिलं तरीही. म्हणजे जागी झालेली आठवण काही तास मऊ असते आणि तिला पुन्हा पक्कं व्हावं लागतं. पण यावरून “प्रत्येक वेळी आठवण नव्यानं लिहिली जाते” असा उलटा मेसेज फिरवू नका. प्रत्येक आठवणीचं प्रत्येक वेळी असं होत नाही, आणि माणसांवरच्या प्रयोगांचे निकाल एकसारखे नाहीत.

उरला ठामपणा. १९९८ साली गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांनी लोकांना सुरक्षा कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं आणि नंतर काही फोटो, ज्यांत तो खरा माणूस नव्हताच. तरी लोकांनी कुणाला तरी ओळखलं, म्हणजे सगळेच चुकले. त्यांतल्या काहींना नुसतं सांगितलं की शाब्बास, संशयिताला तुम्ही बरोबर ओळखलंत. त्यांना विचारल्यावर ते सांगू लागले की आम्हाला तेव्हाच खात्री होती, चेहरा नीट दिसला होता, आम्ही लक्ष देऊन पाहत होतो. एका वाक्यानं खात्री वाढलीच, वर पाहिल्याची आठवणही सुधारली!

म्हणून खात्री निरुपयोगी आहे असं नाही, ती कधीची आहे ते विचारायचं. कुणाशी बोलण्याआधी, शाबासकी मिळण्याआधी, पहिल्यांदा ओळखतानाची खात्री बरंच काही सांगते. चार वर्षांनी कोर्टातली किंवा चाळीस वर्षांनी ग्रुपवरची फारसं नाही. वर्धा रोडवर अपघात पाहिलात, तर चहाच्या टपरीवर चर्चा करायच्या आधी फोनमध्ये लिहून ठेवा, आणि जे दिसलं नाही त्यापुढे “दिसलं नाही” असंच लिहा.

मामांना स्कोअरकार्ड पाठवलं. त्यांचं उत्तर आलं: “छापण्यात चूक झाली असंल.”