नफा दुप्पट, मजकूर अर्धा

डिचोलीतल्या आमच्या पतसंस्थेच्या अहवालात अध्यक्षांचं मनोगत सर्वांत आधी छापतात आणि कुणी वाचत नाही. अपवाद एका निवृत्त मास्तरांचा. ते वाचतात, तेही ताळेबंद शेजारी उघडून. म्हणून छपाईआधी ‘जरा नजर घाल’ असं म्हणत तो कागद माझ्या गळ्यात पडतो.

यंदा भाईंनी लिहिलं होतं, ‘माझ्या द्रष्ट्या नेतृत्वाने गोव्याच्या सहकाराला दिशा दाखवली! नफा दुप्पट! थकबाकी शून्य!’

‘द्रष्ट्या’ खोडायला पेन पुरतं. पंचाईत आकड्यांची, कारण ते खोटे नव्हते. नफा खरंच ६ लाखांवरून १२ लाख झाला होता. पण आदल्या वर्षी तो ६ लाखांवर घसरला होता तो बुडीत कर्जांसाठी मोठी तरतूद करावी लागल्यामुळे. त्याच्याही आधी तो १४ लाख होता. म्हणजे दुप्पट होऊनही आम्ही मागेच!

शून्याची गंमत आणखी वेगळी. ३० कोटींच्या कर्जांपैकी १ कोटी ८० लाख अनुत्पादक, म्हणजे सहा टक्के. आम्ही नेमकी तेवढीच तरतूद केलेली, म्हणून वजाबाकी करून ‘निव्वळ’ आकडा शून्य. कर्जदारांनी पैसे फेडले म्हणून नव्हे, ते फेडणार नाहीत असं आम्ही धरून चाललो म्हणून. बहुतेक कर्जं खाणीच्या ट्रकांची. २०१२मध्ये खाणी बंद पडल्या, मग सुरू झाल्या, आणि २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. ट्रक अंगणात राहिले, हप्ते आमच्या वहीत.

मी लिहिलं: ‘खाणबंदीतल्या ट्रककर्जांचा भार अजून आहे. ढोबळ अनुत्पादक कर्जं सहा टक्के असून त्या सगळ्यांसाठी पूर्ण तरतूद केली आहे. नवी कर्जं थकली नाहीत, तर नफ्याला पुन्हा खार लागणार नाही. यंदाचा नफा १२ लाख. दोन वर्षांपूर्वीचा १४ लाखांचा टप्पा अजून गाठायचा आहे.’

“अरे, हें कितें?” भाई उखडले. “म्हजें मनोगत काय तेराव्याचं पत्र?”

“भाई, ‘पूर्ण तरतूद’ लिहायला छाती लागते. तरतूद नसलेले अध्यक्ष विशेषणं लिहितात.”

भाई विचारात पडले. मग म्हणाले, “हें ‘छाती’ बरें आसा. मनोगतांत घालूंया?”

नाही घातलं. ‘माझ्या नेतृत्वाने’च्या जागी मात्र ‘वसुली कर्मचाऱ्यांच्या पाठपुराव्याने’ आलं, कारण उन्हात ट्रकमालकांची दारं वाजवली ती त्यांनी. भाईंनी तेही सोसलं.

मजकूर निम्मा झाला, तसं अर्धं पान कोरं राहिलं. छापखान्यातून फोन आला, तिथे काय घालू? भाईंनी परस्पर उत्तर देऊन टाकलं. यंदाच्या अहवालात त्यांचा फोटो शालीच्या जरीचे धागे मोजता येतील इतका मोठा आहे. ताळेबंदाशी तो ताडून बघण्याची मात्र सोय नाही.