आडनावात कुलदैवत सापडत नाही

"काकू, लग्नानंतर कुलदैवताला जाऊन या म्हणतात सगळे, पण आपलं कुलदैवत कोणतं हेच कोणी ठामपणे सांगत नाही. कुलकर्णी आडनावावरून कळेल का? आणि रजा तीनच आठवड्यांची आहे, या खेपेला नाही जमलं तर?"

पुतण्याचा हा निरोप मला मेलबर्नला रात्री आला. तोवर तिकडच्या कुटुंबाच्या ग्रुपवर दोन दिवस वाद रंगला होता. धाकट्या दिरांनी कुठलीशी आडनावांची यादी टाकली होती, तिच्यात कुलकर्ण्यांपुढे तुळजाभवानी होती. इथली माझी मैत्रीण म्हणाली, "एवढं काय त्यात, आमचा गणपती आहे ना!" ती इष्टदैवताबद्दल बोलत होती. ते आपण निवडतो, कुलदैवत घराण्याकडून येतं.

कुलकर्ण हे वतन होतं. गावोगावी ते वेगवेगळ्या घराण्यांकडे होतं, त्यामुळे दोन कुलकर्ण्यांचा एकमेकांशी काही संबंध असेलच असं नाही. देशपांडे, पाटील, देशमुख यांचंही तेच. गोत्रावरूनही नेमकं कळत नाही, कारण एकाच गोत्रातली घराणी निरनिराळ्या देवांना जातात. शोध घ्यायचा तो देवघरातून आणि स्वयंपाकघरातून.

पुतण्याला देवघरातले टाक बघायला सांगितले. चांदीचे ते पत्रे पिढ्यान्‌पिढ्या घासून इतके गुळगुळीत झालेत की समोरून नुसतं चकाकतं. खोलीत अंधार करून मोबाइलची बॅटरी एका बाजूने आडवी धरली, तेव्हा आकृती उठून दिसली. एका टाकावर घोडेस्वार, मागे स्त्री, खाली कुत्रा. म्हणजे म्हाळसेसह खंडोबा. दुसऱ्यावर आठ हातांची देवी, पायाशी महिषासुर. म्हणजे दिरांची भवानी बरोबर निघाली, पण यादीमुळे नव्हे. माहूरच्या रेणुकेचा नुसता मुखवटा असतो आणि सप्तशृंगीला अठरा हात, तेव्हा त्या दोघींचा प्रश्न मिटला.

राहिला खंडोबा. जेजुरीचा, पालीचा, नळदुर्गचा की माळेगावचा? इथे उपयोगी पडल्या आमच्या आत्याबाई. वय शहाऐंशी, लग्न होऊन हे घर सोडल्याला साठ वर्षं उलटली. फोनवर मी विचारलं, "आत्या, चातुर्मासात वांगं खायचे का हो तुमच्याकडे?" त्या म्हणाल्या, "चंपाषष्ठीपर्यंत वांग्याला हात नाही लावायचा. त्या दिवशी भरीत-रोडग्याचा नैवेद्य, मग खायचं. आणि दादा पौषात बैलगाडीने नळदुर्गला जायचे, यात्रेला." नळदुर्गच्या खंडोबाची यात्रा पौष पौर्णिमेलाच असते. मूळ गावही तुळजापूर तालुक्यातलं, त्यामुळे सगळं जुळलं.

एक गोष्ट मात्र पुतण्याला बजावून सांगितली. हा देव वर्षाचा बहुतेक काळ अणदूरला असतो आणि नळदुर्गला जेमतेम दोन महिने. निघण्याआधी देव कुठे आहे ते पुजाऱ्यांना विचारायचं, नाहीतर रिकाम्या देवळात पोचाल. तिथून तुळजापूर तासाभराच्या अंतरावर, म्हणजे दोन्ही दर्शनं एका दिवसात होतात. भवानीची खणानारळाने ओटी भरायची. खंडोबाची तळी भरायची: ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा. पाच जणांनी ते ताम्हण "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत उचलायचं. नवऱ्याने बायकोला उचलून पायऱ्या चढायची ती गंमत जेजुरीची, तिथे गेलात तर करा. आमची एक शाखा खरंच जेजुरीलाच जाते आणि तेच आपलं मूळ म्हणते. तो वाद अजून तसाच आहे.

"नाही जमलं तर?" याचं माझं उत्तर: पुढच्या रजेत जा. ग्रुपवर एका नातेवाईकांनी लिहिलं, की दर्शन लांबलं म्हणून त्यांच्या मुलाचं मूल होणं लांबलं. मला हे अजिबात पटत नाही. नव्या जोडप्याच्या मनात पहिल्याच महिन्यात भीती घालणं हे कुलाचारात बसत नाही. पूर्वीही पीकपाणी आणि पैसा बघून लोक वर्ष-दोन वर्षांनी जातच होते.

मला खरी खुपते ती दुसरी गोष्ट. नवी सून माहूरकडची, तिच्या माहेरची कुलदेवी रेणुका. "आता तिचं कूळ बदललं, रेणुकेचं काय काम?" असं ग्रुपवर दोघांनी लिहिलं. अहो, आपल्या घराचा खंडोबा कोणी सांगितला? साठ वर्षांपूर्वी कूळ बदलून गेलेल्या मुलीने! तिचं सासरचं कुलदैवत कोल्हापूरची अंबाबाई, तिचं सगळं ती करते, आणि तरी माहेरच्या वांग्याचा नेम तिच्या डोक्यात पक्का आहे. इथे माझ्या देव्हाऱ्यात सासरचे टाक आहेत, शेजारी माहेरच्या यमाईचा फोटो. सासूबाईंनी तो पाहिला, त्यावर हळदकुंकू वाहिलं आणि पुढे गेल्या.

पुतण्याला लिहिलं: अणदूर आणि तुळजापूर एका दिवसात करा, उरलेल्या दिवसांत माहूरला जा. सुनेने तिच्या आईला फोन करून गडावर ओटीला काय काय लागतं ते विचारून घेतलंय.