फोटोवरून माइक ओळखण्याचा ‘सोपा नियम’ कुठे फसतो

«फोटो बघून माइक ओळखायला तीन सेकंद पुरतात. गोल जाळी आणि हातात धरायचा दांडा असेल तर डायनॅमिक. जाडजूड, स्टुडिओत दिसतो तसला असेल तर कंडेन्सर. कॉलरला लावायचा तो लेपल, हा तिसरा प्रकार. तरी शंका आली तर खाली तीन पिना आहेत का बघा. असल्या तर फँटम लागणार, म्हणजे कंडेन्सरच. सेव्ह करून ठेवा.»

असा नियम फिरत असतो, आणि तो जवळजवळ प्रत्येक पायरीला फसतो. डायनॅमिकमध्ये आवाजाने तारेची गुंडाळी हलून वीज तयार होते, त्याला बाहेरून वीज लागत नाही. कंडेन्सरमध्ये विद्युतभार असलेला पातळ पडदा हलतो आणि त्याला बाहेरून वीज लागते. मिक्सर ती माइकच्याच वायरीतून पाठवतो तेव्हा तिला फँटम म्हणतात. आता गोल जाळीपासून सुरुवात करू. ती जाळी गाणाऱ्याच्या तोंडासाठी असते. तोंड आतल्या भागापासून थोडं लांब राहावं, ‘प’ आणि ‘भ’चा फुंकारा आतल्या स्पंजाने अडवावा, माइक हातातून पडला तर जाळी चेपावी पण आतला भाग वाचावा, एवढंच तिचं काम. ही गरज आतला भाग कोणत्या तत्त्वावर चालतो यावर ठरत नाही. १९६६ साली आलेला शुअरचा एसएम ५८ डायनॅमिक आहे, आणि मंडपात दिसणारे बरेच माइक त्याच्याकडे बघून बनवलेले असतात, म्हणून हा समज पसरला. पण त्याच कंपनीचा बीटा ८७ए हातात धरूनच गातात आणि तो कंडेन्सर आहे. न्यूमनचा केएमएस १०५ तसाच. फँटम दिलं नाही तर दोन्ही मुके. जाळीमागे स्पंज असल्यामुळे फोटोत आतलं काहीच दिसत नाही. तिथे अंगावर छापलेलं मॉडेलचं नाव वाचणं हाच मार्ग, आणि नाव वाचता येत नसेल तर विकणाऱ्याकडे जवळून काढलेला दुसरा फोटो मागायचा.

जाडजूड अंगाची गोष्ट तर उलटीच पडते. पॉडकास्टच्या व्हिडिओंत हमखास दिसणारा शुअरचा एसएम ७बी डायनॅमिक आहे. रेडिओवाल्यांचा लाडका इलेक्ट्रो-व्हॉइस आरई २० सुद्धा डायनॅमिक. आरई २०च्या फोटोत एक खूण मात्र खरंच उपयोगी आहे: त्याच्या लांब नळीवर दोन्ही बाजूंनी फटींची रांग असते. बोलणारा अगदी जवळ आला की एरवी खर्ज फुगतो, तो फुगू नये म्हणून मागून हवा आत घेण्याची ती सोय आहे. अंगाच्या आकाराने हे कळलं नसतं, फटींनी कळलं.

मोठ्या माइकच्या फोटोत अंगापेक्षा बोलायची बाजू बघितलेली बरी. एसएम ७बी आणि आरई २० टोकाकडून बोलायचे आहेत. न्यूमन यू ८७सारखा मोठ्या पडद्याचा कंडेन्सर बहुधा उभा टांगलेला असतो आणि त्याच्या बाजूला, बोधचिन्हाकडे तोंड करून गातात. जाळीच्या मागे उजेड असेल तर आतला पडदा सोनेरी गोल चकतीसारखा आरपार दिसतो. ती दिसली तर कंडेन्सर म्हणायला आधार मिळतो. पण बाजूकडून बोलायचा म्हणून कंडेन्सर, असं मात्र धरू नका. गिटारच्या अँप्लिफायरपुढे टांगतात तो सेनहायझरचा ई ९०६ चपटा आहे, बाजूकडूनच ऐकतो, आणि डायनॅमिक आहे.

अंगावरच्या छोट्या बटणांकडे कोणी बघत नाही, आणि खरी माहिती तिथेच असते. आवाजाची पातळी उतरवणारं ‘−१० डीबी’ असं बटण असेल तर कंडेन्सरची शक्यता फार मोठी. आतलं इलेक्ट्रॉनिक्स मोठ्या आवाजाने फाटू नये म्हणून ते असतं, आणि डायनॅमिकमध्ये असं फाटणारं इलेक्ट्रॉनिक्स सहसा नसतंच. आवाज कोणकोणत्या बाजूंनी घ्यायचा हे ठरवणारी, वर्तुळ, आठचा आकडा आणि बदामासारखी आकृती यांत निवड करायची कळ असेल तरीही बहुधा कंडेन्सरच धरावा. ‘पी ४८’ किंवा ‘४८ व्ही’ ही फँटमची खूण छापलेली असेल तर प्रश्नच मिटला. पण खर्ज कापायची नुसती कळ पुरावा नाही, ती एसएम ७बीवर आणि आरई २०वरही आहे. चालू-बंदचं बटणही काही सांगत नाही.

आता ‘तिसरा प्रकार’. लेपल हे माइक लावायच्या जागेचं नाव आहे, आपल्याकडे त्याला कॉलर माइक म्हणतात. आत बघाल तर आज विकले जाणारे जवळजवळ सगळे इलेक्ट्रेट, म्हणजे कायमचा विद्युतभार धरून ठेवलेले कंडेन्सर असतात. बेल लॅब्जमध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेस्लर यांनी १९६२ साली हे तंत्र उभं केलं, म्हणून इतका लहान माइक स्वस्तात शक्य झाला. त्याआधी छातीवर लटकवायचे माइक डायनॅमिक असत आणि चांगले जड असत. पुढेही शुअरने एसएम ११ हा कॉलरचा डायनॅमिक बनवला होताच. म्हणजे ‘लेपल की कंडेन्सर’ हा प्रश्नच चुकीचा मांडला आहे.

तीन पिनांचा दावा सगळ्यात जास्त पैसे खातो. एसएम ५८लाही खाली त्याच तीन पिना आहेत! पहिली पिन जमिनीची, दुसरी आणि तिसरी आवाजाची. मिक्सर फँटमचे ४८ व्होल्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेवर सारखेच चढवतो. डायनॅमिकची गुंडाळी त्या दोन पिनांच्या मध्ये असते, दोन्ही टोकांना दाब सारखा, म्हणून तिच्यातून प्रवाह जात नाही आणि वायर नीट असेल तर तिला काही होत नाही. पिना फक्त वायर कोणती लागेल ते सांगतात.

एक फोटो धरून बघू. विक्रीला लावलेला काळा बीएम ८००: मोठी जाळी, खाली तीन पिना, शेजारी ३.५ मिलिमीटरच्या जॅकची वायर, आणि खाली ‘स्टुडिओ कंडेन्सर’. कंडेन्सर हे खरं आहे. पण जाळीतून उजेड आला तर बऱ्याच नगांत मोठ्या चकतीऐवजी मधोमध एक छोटी इलेक्ट्रेट डबी दिसते. एवढी मोठी जाळी निव्वळ दिखाव्याला. जॅकच्या वायरीतून लॅपटॉपचे दोन-चार व्होल्टच मिळतात, माइक चालतो पण आवाज बारीक येतो आणि वाढवला की सूं-सूं. शिवाय जॅकवरच्या काळ्या रेघा मोजा. दोन रेघा असतील तर मोबाइलच्या चार भागांच्या सॉकेटात तो माइक बहुधा ओळखलाच जात नाही आणि फोन स्वतःच्याच माइकवर रेकॉर्ड करत राहतो. मोबाइलसाठी तीन रेघांचा जॅक हवा. कॉलर माइक घेतानाही हेच मोजायचं. त्याच्या वायरीत बटणसेलची डबी दिसली तर वीज तिथून येते. आणि टोकाला चार पिनांचा बारका कनेक्टर असेल तर तो कमरेच्या ट्रान्समीटरसाठी आहे, फोनला लागणार नाही.

नाव नाही, बटण नाही, जाळीत काही दिसत नाही, असा फोटो असेल तर उत्तर फोटोत नाहीच. विकणाऱ्याला एक छोटा व्हिडिओ मागा: माइक तीन पिनांच्या वायरीने मिक्सरला, फँटमचं बटण बंद, आत सेल नाही, आणि तो बोलतोय. आवाज आला तर बहुधा डायनॅमिक. नाही आला तर फँटम चालू करून पाच-दहा सेकंद थांबायचं आणि पुन्हा बोलायला सांगायचं. आता आला तर बहुधा कंडेन्सर, आणि तरीही नाही आला तर एक तर वायर बिघडलेली आहे, नाहीतर माइक.