चालू खात्यावरील तुटीबद्दल खुलासा

फिरणारा मेसेज: “चालू खात्यावर सतत तूट म्हणजे परकी गंगाजळी संपत चाललीय, दिवाळं ठरलेलंच!”

हे चूक आहे. चालू खातं म्हणजे आयात-निर्यात, व्याज-लाभांश अशा व्यवहारांचा देशाचा परदेशाशी असलेला हिशेब; बाहेर जाणारा पैसा येणाऱ्यापेक्षा जास्त असला की तूट. समजा, आयात १०० आणि निर्यात ८० आहे. उरलेले २० परकी गुंतवणुकीतून किंवा कर्जातून आले, तर गंगाजळीला, म्हणजे परकी चलनाच्या साठ्याला, हातही लागत नाही. वाढतं ते परदेशाला द्यायचं देणं, आणि त्याचं व्याज-लाभांश पुढे चालू खात्यातूनच जातं. खरी काळजी इथे आहे.

म्हणून तूट कशाने भरली हे पाहावं. ऑस्ट्रेलियाने ती कित्येक दशकं पेलली. थायलंडमध्ये १९९६ साली ती जीडीपीच्या सुमारे ८ टक्के होती, भिस्त अल्पमुदतीच्या परकी कर्जांवर. १९९७ मध्ये पैसा बाहेर गेला आणि तिथलं चलन बाट कोसळलं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.